जंत्री २८ लाख, सौदा ४२ लाखांचा: दस्तावेज कितीचा करायचा?

*आम्ही मांजलपूरमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा, दोन बेडरूमचा जुना फ्लॅट घेतोय. पहिलंच घर. सौदा ४२ लाखांना ठरला. ३० लाख कर्ज काढणार, साठवलेले पंधरा लाख आहेत. दलाल म्हणतो, जंत्री २८ लाखांची येते, दस्तावेज तेवढ्याचाच करा, वरचे १४ लाख रोख द्या, स्टॅम्पचे ऐंशी हजार वाचतील. सगळे असंच करतात. शिवाय म्हणतो, फ्लॅट तुमच्या एकटीच्या नावावर घ्या, बायकांना रजिस्ट्रेशन फी माफ आहे. आमचे हे नोकरी करतात, मी घरी शिकवण्या घेते, माझ्या उत्पन्नावर कर लागत नाही. ह्यांना दोन्ही गोष्टी पटल्यात. मला रोखीची धास्ती वाटते. सासूबाई म्हणतात, नाव दोघांचं असावं. काय करावं?*

*– एक वाचक, वडोदरा*

ताई,

दलालाने दोन्ही सल्ले एका दमात दिले, म्हणून ते एकाच जातीचे वाटतात. तसे ते नाहीत. फी माफीचा सल्ला सरळ कायद्यातला आहे. तो घ्यायचा की नाही हे तुमच्या यजमानांच्या आयकरावर ठरेल. १४ लाख रोख देण्याचा सल्ला कायद्याबाहेरचा आहे, आणि नीतीचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी त्यात तुमचाच तोटा आहे. आधी तो हिशेब मांडू, कारण तुमच्या यजमानांना भीतीपेक्षा आकडे लवकर पटतील.

गुजरातेत खरेदीच्या दस्तावेजावर स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के लागते. मूळ दर साडेतीन टक्के, आणि त्या साडेतीनवर ४० टक्के अधिभार, म्हणजे आणखी १.४ टक्के. याखेरीज रजिस्ट्रेशन फी एक टक्का. ही फी माफ होते ती घेणारी एक किंवा अनेक, पण सगळ्या बायकाच असतील तर. एक जरी पुरुष खरेदीदार म्हणून दस्तावेजात आला तरी फी पूर्ण लागते, अर्धी होत नाही. आणि माफी फक्त या फीची आहे, ४.९ टक्के ड्युटी बाईलाही तेवढीच.

आता दलालाच्या बोलण्यातलं गृहीत पाहा. तो जंत्रीला दस्तावेजात लिहायची किंमत समजतो, आणि तुम्हालाही तसंच समजावतो. जंत्री म्हणजे सरकारने प्रत्येक भागासाठी ठरवलेला किमान दर. २०११ सालचे दर इथे बारा वर्षं चालले. १५ एप्रिल २०२३ पासून जमिनीचे दर दुप्पट झाले आणि राहत्या फ्लॅटचे १.८ पट. तरीही बऱ्याच भागांत जंत्री बाजारभावाच्या मागेच आहे, आणि तुमच्या सौद्यातलं १४ लाखांचं अंतर तिथूनच आलं आहे. ड्युटी मात्र जंत्री आणि प्रत्यक्ष मोबदला यांतली जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागते. जंत्रीच्या खाली ड्युटी भरता येत नाही, याचा अर्थ खरी किंमत जास्त असताना जंत्रीइतकीच लिहिण्याची मुभा आहे असा होत नाही. तुम्ही ४२ लाख देणार असाल तर मोबदला ४२ लाख आहे, आणि दस्तावेजात तोच लिहावा लागतो.

तुमच्या एकटीच्या नावावर ४२ लाखांचा दस्तावेज केला तर ड्युटी २,०५,८०० रुपये, फी शून्य. तसाच २८ लाखांचा केला तर ड्युटी १,३७,२०० रुपये, फी शून्यच. फरक ६८,६०० रुपयांचा. दलालाचे ऐंशी हजार कुठून आले? त्याने १४ लाखांवरची एक टक्का फीही ‘वाचली’ म्हणून धरली, ती जोडली की ८२,६०० होतात. पण ती फी बाईच्या नावामुळे आधीच माफ आहे. एकच पैसा दोन सल्ल्यांत दोनदा वाचत नाही.

पुढचा मुद्दा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, आणि दलाल तो सहसा बोलत नाही. बँक कर्ज देते ते दस्तावेजातली किंमत आणि तिच्या स्वतःच्या मूल्यांकनाची रक्कम यांतली जी कमी असेल तिच्यावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देता येतात. २८ लाखांच्या दस्तावेजावर ही मर्यादा २५,२०,००० रुपये होते. तुमचं ३० लाखांचं कर्ज तिथे बसतच नाही.

म्हणजे दलालाच्या मार्गाने विकणाऱ्याला ४२ लाख पोचवायला कर्जाव्यतिरिक्त १६,८०,००० रुपये तुमच्या खिशातले लागतील, आणि ड्युटी धरून १८,१७,२००. खऱ्या किमतीच्या दस्तावेजात ३० लाख कर्ज मिळालं, तर खिशातले लागतात १२ लाख अधिक ड्युटीचे २,०५,८००, म्हणजे १४,०५,८००. अडुसष्ट हजार वाचवण्यासाठी तुम्हाला हातात ४,११,४०० रुपये जास्त हवेत. तुमच्याजवळ पंधरा लाख आहेत. ‘स्वस्त’ दस्तावेज तुम्हाला परवडत नाही, ‘महाग’ परवडतो. यजमानांसमोर एवढाच कागद ठेवा.

यावर दलाल बहुधा म्हणेल की बँकेला दाखवायला ४२ लाखांचं बानाखत, म्हणजे दस्तावेजाआधीचा सौद्याचा करार, करू आणि रजिस्टर करायला २८ लाखांचा दस्तावेज. असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबा. बँक मूळ रजिस्टर झालेला दस्तावेज गहाण म्हणून ताब्यात घेते. तिचा वकील आकडा वाचणारच. दोन कागदांवर दोन किमती आणि दोन्हींवर तुमची सही, हा बँकेशी केलेला खोटेपणा आहे, आणि त्या सहीची जबाबदारी दलालावर जात नाही.

आता १४ लाखांकडे येऊ. दस्तावेज २८ लाखांचा झाला की तुम्ही ते घर २८ लाखांना घेतलं असंच कायमचं लिहून ठेवलं गेलं. पुढे मालकीहक्कात खोट निघाली, सौदा मोडला, कोर्टात जायची वेळ आली, तर मागता येतील ते २८ लाख. वरच्या रकमेची पावती नाही, साक्षीदार नाही. आणि काही वर्षांनी फ्लॅट विकाल तेव्हा आयकर तुमची खरेदी किंमत २८ लाखच धरणार. त्या वेळी न मिळवलेले १४ लाखही नफ्यात मोजले जातील. दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या घराच्या नफ्यावर सध्या साडेबारा टक्के कर आहे. १४ लाखांवर तो १,७५,००० होतो, उपकर वेगळा. आज वाचवलेल्या ६८,६०० च्या अडीच पट. ‘तेव्हा आपणही रोख घेऊ’ हे उत्तर त्यावर चालत नाही, कारण तेव्हाच्या खरेदीदारालाही कर्ज लागणार आणि त्याला पूर्ण किमतीचा दस्तावेज हवा असणार.

रोखीचा हट्ट बहुतेक वेळा विकणाऱ्याचा असतो, त्याच्या नफ्यावरचा कर वाचवण्यासाठी. ‘तुमचे स्टॅम्पचे पैसे वाचतील’ हे त्याला लावलेलं वेष्टण. त्यामुळे बोलणं विकणाऱ्याशीच करावं, दलालाला मध्ये ठेवू नये. त्यांना दोन गोष्टी सांगता येतील. एक, मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे १४ लाखांच्या रोखीत मोठी जोखीम त्यांच्याच डोक्यावर आहे. दोन, घर विकून आलेला दीर्घ मुदतीचा नफा दुसऱ्या घरात किंवा ठरावीक सरकारी रोख्यांत गुंतवला तर कर टाळण्याचा रीतसर मार्ग आहे. त्यांनी एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटकडे तासभर बसावं. पुष्कळ विकणारे एवढं ऐकल्यावर नरमतात. नाही नरमले तर बँकेची मर्यादा हे तुमचं खरं आणि पुरेसं कारण आहे: कर्जच मिळत नाही, सौदा होणार कसा? तरीही अडून राहिले तर हा फ्लॅट सोडा. मांजलपूरला दोन बेडरूमचे जुने फ्लॅट विकायला निघत असतात.

ज्या वाचकांची गोष्ट उलटी आहे, म्हणजे सौद्याची किंमत जंत्रीपेक्षा कमी, त्यांच्यासाठी चार ओळी. ड्युटी जंत्रीवरच भरावी लागेल. ‘आम्ही खरंच कमीत घेतलं’ म्हणून ती कमी होत नाही. कमी भरली तर सब-रजिस्ट्रार दस्तावेज गुजरात स्टॅम्प कायद्याच्या कलम ३२-क खाली मूल्यांकनाच्या डेप्युटी कलेक्टरकडे पाठवू शकतो, आणि ते प्रकरण लांबतं. शिवाय जंत्री मोबदल्याच्या दहा टक्क्यांहून (किंवा ५० हजारांहून, यांतलं जे जास्त असेल त्याहून) वर असेल तर सगळा फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरला जातो. २० लाखांचा सौदा, २३ लाखांची जंत्री: तीन लाख तुमच्या त्या वर्षाच्या उत्पन्नात जाणार. अशा वेळी किंमत ठरवण्याआधीच जंत्री काढून पाहावी.

जंत्री तुम्हीही स्वतः पाहावी. दलालाने सांगितलेले २८ लाख त्याने कशावरून काढले हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. नोंदणी खात्याच्या `garvi.gujarat.gov.in` या संकेतस्थळावर दर बघता येतात. त्यासाठी सोसायटीचं नाव पुरत नाही. मौजे, सर्व्हे नंबर, टी.पी. स्कीम आणि फायनल प्लॉट नंबर लागतो, जो विकणाऱ्याच्या जुन्या दस्तावेजात असतो. तुमचा फ्लॅट पत्त्याने मांजलपूरचा असला तरी दस्तावेजात मौजे वेगळं असू शकतं, आणि दर मौज्याचा लागतो. बिल्डरच्या जाहिरातीतला सुपर बिल्टअपचा आकडा घेऊन गुणाकार करू नका. वकिलाला विचारा की हिशेबात कोणतं क्षेत्र धरलं आणि ते जुन्या दस्तावेजातल्या क्षेत्राशी जुळतं का. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने नव्या जंत्रीचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला होता, तेव्हा सहीच्या आठवड्यात दर पुन्हा एकदा पाहून घ्यावा. आज तुमच्या व्यवहारात ४२ लाख हाच मोठा आकडा आहे. जंत्री त्याच्या वर गेली तर हिशेब बदलेल.

आता नावाचा प्रश्न. सासूबाईंचं म्हणणं मोडीत काढण्यासारखं नाही, आणि यजमानांचंही नाही. एकटीच्या नावावर ४२,००० रुपये वाचतात, आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. पण ते एकदाच वाचतात. समोर काय जातं ते पाहा.

यजमान आयकर जुन्या पद्धतीने भरत असतील, तर राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. ती मिळायला ते घराचे मालक किंवा सहमालक असावे लागतात. फक्त कर्जात सही केली, हप्ते त्यांच्या पगारातून गेले, पण दस्तावेजात नाव नाही, तर वजावट नाही. ३० लाखांच्या कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याज आजच्या दरांनी दोन लाखांच्या वरच जातं. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाला दोन लाखांच्या वजावटीने उपकरासह ४१,६०० रुपये वाचतात. म्हणजे फी माफीचे ४२ हजार एका वर्षात फिटले आणि पुढची सगळी वर्षं तोट्याची. शिवाय भरलेली ड्युटी आणि फी त्याच वर्षी ८०-सी च्या दीड लाखांत धरता येते, तीही सहमालकालाच. तुमचं उत्पन्न करपात्र नसल्यामुळे या वजावटी तुमच्या नावाने काही कामाच्या नाहीत.

पण यजमान नव्या पद्धतीने कर भरत असतील, आणि आता बरेच पगारदार तसेच भरतात, तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट त्यात मिळतच नाही. मग गमवायला काही उरत नाही आणि ४२,००० निव्वळ तुमचे. तेव्हा पहिला प्रश्न यजमानांना हाच विचारा: कर जुन्या पद्धतीने की नव्या? पुढच्या चार-पाच वर्षांत बदलायचा विचार आहे का?

कराच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. तुमच्या एकटीच्या नावावरचं घर खरोखर तुमचं असतं. विकायचं, गहाण टाकायचं, बक्षीस द्यायचं, तर सही फक्त तुमची. हप्ते यजमानांनी भरले म्हणून ते आपोआप सहमालक होत नाहीत. हे घरात आधी मोकळेपणाने बोलून घ्यावं, कारण ‘नंतर नाव चढवू’ हे वाटतं तेवढं सोपं नाही. नंतर त्यांना हिस्सा द्यायचा तर नवा दस्तावेज, आणि त्या हिश्श्यावर त्या वेळच्या दराने पुन्हा ड्युटी. नवऱ्याच्या उघड, हिशेबी पैशातून बायकोच्या नावावर घर घेणं बेनामी धरलं जात नाही, ती भीती मनातून काढा. मात्र ते घर कधी भाड्याने दिलं तर पैसा ज्याचा त्याच्या, म्हणजे यजमानांच्या, उत्पन्नात ते भाडं धरलं जाईल.

बँक तुमच्या एकटीच्या नावावर कर्ज देईल का? उत्पन्न यजमानांचं असल्यामुळे ती त्यांना कर्जात सहकर्जदार घेईल आणि मालक म्हणून तुम्हालाही. ते फी माफीच्या आड येत नाही. माफी दस्तावेजातल्या खरेदीदाराच्या नावावर ठरते. तरीही कर्ज मंजूर करून घेताना मालक कोण हे आधीच लिहून द्या. मंजुरीपत्रात दोघं मालक आणि दस्तावेजात तुम्ही एकट्या, असं झालं तर बँकेचा वकील ऐन नोंदणीच्या आधी चेक अडवतो.

तुम्ही जे काही ठरवाल त्याचा पुढचा प्रवास साधारण असा. वकिलाने मालकीचा शोध घेऊन मसुदा तयार केला की तो सही करण्याआधी तुम्ही स्वतः वाचायचा. दस्तावेज गुजरातीत असतो. वाचायला जड जात असेल तर कोणाकडून तरी शब्दन् शब्द वाचून घ्या. आपल्या मराठी घरांत नेहमी अडतं ते नावापाशी. आधारवर नुसतं नाव, जुन्या वेरा बिलावर नावाला ‘बेन’ जोडलेलं, सासऱ्यांच्या कागदावर ‘राव’ लागलेलं, आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग पॅनवर एक, पासबुकात दुसरं. दस्तावेजात पॅन आणि आधारवर आहे तेच नाव जावं. दोन्हींत फरक असेल तर नोंदणीआधी एक दुरुस्त करून घ्या. कारण नंतर चूक निघाली तर चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो, आणि त्यावर सही करायला विकणाऱ्याला पुन्हा बोलवावं लागतं. पैसे हातात पडलेला विकणारा, त्यातून परगावी गेलेला, किती वेळा येईल? नावाबरोबर फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्र, फायनल प्लॉट नंबर आणि चतुःसीमा जुन्या दस्तावेजाशी ताडून पाहा.

मग स्टॅम्प. १ ऑक्टोबर २०१९ पासून गुजरातेत कागदी स्टॅम्प पेपर बंद आहेत. इतक्या रकमेला ई-स्टॅम्पचं प्रमाणपत्र घ्यायचं, अधिकृत केंद्रातून. केंद्रावर अर्जात पहिला पक्ष, दुसरा पक्ष, मिळकतीचं वर्णन, मोबदला आणि ड्युटी कोण भरतो हे लिहावं लागतं. छापण्याआधी स्क्रीनवरचा तपशील वाचायला मागा. छापल्यावर त्यात खाडाखोड चालत नाही, आणि चुकलेल्या प्रमाणपत्राचा परतावा मागण्यात मुदत, कागदपत्रं आणि कपात तिन्ही आलं. प्रमाणपत्रावर `IN-GJ` ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो `shcilestamp.com` वर घालून प्रमाणपत्र खरं आहे का, रक्कम तीच आहे का, हे घरी बसून तपासता येतं. हे काम दलालावर सोपवलं असेल तर ही तपासणी नक्की करा. स्टॅम्प सहीच्या आधी घेतलेला असावा. सह्या करून ठेवायच्या आणि स्टॅम्प सवडीने घ्यायचा, असं करू नये.

‘दस्तावेज खर्च’ म्हणून दलाल एकच आकडा सांगत असेल तर त्याचे तुकडे मागा. ड्युटीला ई-स्टॅम्प प्रमाणपत्र आहे, फी लागली तर तिची पावती आहे, पानांप्रमाणे लागणारा किरकोळ सरकारी आकार पावतीवरच दिसतो. वकिलाची फी वेगळी आणि ती त्यालाच. ‘कचेरीत द्यावे लागतात’ या नावाखाली उरणाऱ्या रकमेला पावती नसते, आणि ती देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. बँकेकडे घर गहाण ठेवताना लागणारी ड्युटी आणखी वेगळी असते. ती वरच्या हिशेबात धरलेली नाही, बँकेला आधीच विचारा. तुमच्याजवळच्या पंधरा लाखांतून १४,०५,८०० गेले की चौऱ्याण्णव हजार उरतात. वकील, गहाणखत, सोसायटीचं नाव बदल, दलाली, सगळं त्यातूनच. नाव दोघांचं ठेवलंत तर उरतात बावन्न हजार. दलाली एक टक्का ठरली असेल तर तिचेच बेचाळीस हजार होतात, तेव्हा हे गणित सहीच्या आधी घरात एकदा नीट करा.

नोंदणीसाठी गरवीवर माहिती भरून वेळ घ्यावी लागते. वडोदऱ्यात सब-रजिस्ट्रारच्या एकापेक्षा जास्त कचेऱ्या आहेत. तुमची कोणती ते मौज्यावर ठरतं, घर कोणत्या रस्त्यावर आहे यावर नाही. त्या दिवशी विकणारे, तुम्ही आणि दोन साक्षीदार प्रत्यक्ष लागतात. खरेदीदाराचेही फोटो आणि अंगठ्याचे ठसे घेतले जातात, म्हणून ‘तुम्ही नाही आलात तरी चालेल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं बरोबर असू द्या. मिळकतीचा फोटोही दस्तावेजाला जोडतात, त्याच्याशी दोन्ही पक्षांच्या सह्या असतात. बँकेचा चेक किंवा डिमांड ड्राफ्ट विकणाऱ्याला देताना त्याचा क्रमांक, तारीख आणि रक्कम दस्तावेजातल्या मोबदल्याच्या परिच्छेदात आली आहे ना, ते बघा. तुम्ही बानाखताच्या वेळी दिलेली रक्कमही तिथे क्रमांकासह यावी. सगळ्या रकमांची बेरीज ४२ लाख झाली पाहिजे.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्तावेज नोंदणीला द्यावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिने मिळू शकतात, पण दंड रजिस्ट्रेशन फीच्या दहा पटींपर्यंत जातो. तुम्ही सही आणि नोंदणी एकाच दिवशी ठेवा. आधी केलेलं बानाखत मालकी देत नाही. आणि त्यात ताबा दिल्याचं लिहिलं तर त्याच्यावरच खरेदीखताएवढी ड्युटी लागू होते. नंतरच्या दस्तावेजात ती वळती होते, पण पैसे आधी अडकतात. म्हणून बानाखतात ‘ताबा दस्तावेजाच्या वेळी’ असंच लिहून घ्या.

नोंदणी झाल्यावर मूळ दस्तावेज बँकेकडे जाईल. त्याआधी पूर्ण झेरॉक्स काढून ठेवा आणि इंडेक्स-२ ची नक्कल तुमच्याजवळ घ्या. त्यात तुमचं नाव, क्षेत्र, मोबदला ४२,००,००० आणि जंत्रीप्रमाणे किंमत नीट उमटली आहे का पाहा. त्याच नकलेवर सोसायटीच्या दप्तरात, महानगरपालिकेच्या वेरा बिलावर आणि एम.जी.व्ही.सी.एल.च्या वीजबिलावर नाव बदलून मिळतं. विकणाऱ्याकडून शेवटची वेऱ्याची पावती, वीजबिल आणि सोसायटीचं ‘बाकी नाही’ पत्र चेक देण्याआधी घ्या. जुनी थकबाकी निघाली की त्याची वसुली घराच्या मागे लागते, आणि तेव्हा ते घर तुमचं असतं.